अस्तरातली बरोबरची खूण

ते गुरुवारी गेले. शुक्रवारी मी दवाखान्यातून त्यांची बॅग घरी आणली.

ती बॅग मी अजून पूर्ण रिकामी केलेली नाही. भेटायला माणसं येतात, ते किती सरळ होते हे सांगतात, चहा घेऊन जातात. सांगतात ते खरंच असतं. पण माझ्या नवऱ्याला बॅग वाचता यायची, हे कुणी सांगत नाही. मी जन्मभर शाळेत मुलांना वाचायला शिकवलं. मला पुस्तकं वाचता येतात. त्यांना बॅग वाचता यायची, आणि माझ्यापेक्षा ते जास्त लक्ष देऊन वाचायचे. तेवढं कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहायला बसले आहे. रोज थोडं लिहिते.

आमचं दुकान नव्या पेठेत होतं. बॅगा विकायच्या आणि दुरुस्तही करायच्या. ते मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे, घरात कन्नड, बाहेर मराठी. तरुणपणी सोलापुरात येऊन एका पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याकडे हात बसवला, मग रेक्झिनच्या बॅगा आल्या तसे तिकडे वळले. शाळा आठवीपर्यंत झालेली. इंग्रजी अक्षरं ओळखायचे, पण शब्द वाचायचा कंटाळा करायचे. वाचण्यासारखं सगळं बोटांना कळतं, असं त्यांचं मत होतं.

त्याचा पहिला अनुभव मला लग्नानंतर लगेच आला. माझं माहेर बार्शीचं. वडिलांनी मला एक नवी सुटकेस दिली होती, चॉकलेटी रंगाची, मुठीवर निकेलच्या कड्या. बार्शीच्या छोट्या गाडीत बसल्यावर हे गृहस्थ नव्या बायकोकडे बघायचं सोडून सुटकेसकडे बघत होते. मग अस्तर चाचपलं, कानाशी धरून चेन पुढं-मागं केली, मूठ हलवली आणि म्हणाले, "कुर्डुवाडीला सुटंल." मला वाटलं गाडीबद्दल बोलतात. कुर्डुवाडीला गाडी बदलायची होती. सुटकेस उचलली, मूठ त्यांच्या हातात आली आणि सुटकेस फलाटावर राहिली. त्यांनी खिशातून सुतळी काढली. सुतळी आधीपासून तयार होती, याचा मला जास्त राग आला. मी सोलापूरपर्यंत बोलले नाही. पुढं ही गोष्ट वडिलांच्या कानावर गेली आणि तेही वर्षभर जावयाशी जेवढ्यास तेवढं बोलले. तेव्हापासून त्यांनी एक नियम केला. सासऱ्यानं दिलेल्या बॅगेला नावं ठेवायची नाहीत, मग तो सासरा कुणाचाही असो.

सत्तरचं दशक अर्धं सरत आलं तेव्हा त्यांच्याकडे मुंबईच्या एका कंपनीची एजन्सी येऊन सहा वर्षं झाली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. खूण बगळ्याची होती, एका पायावर उभा असलेला बगळा, म्हणून सोलापुरात सगळे तिला बगळा छापच म्हणत. सुटकेसही यायच्या आणि शाळेची दप्तरंही. बॅगेला दोन वर्षांची गॅरंटी असायची. दोन वर्षांत शिवण उसवली किंवा चेन गेली तर एजंटानं बॅग ठेवून घ्यायची आणि कंपनीनं बदलून द्यायची. सोलापूर जिल्ह्यात तेव्हा बॅग बदलून मिळते ही कल्पनाच नवी होती. दुकानावर बगळ्याची निळी पाटी होती. ती पाटी ते रोज सकाळी स्वतः पुसायचे. घरातला आरसा त्यांनी कधी पुसलेला मला आठवत नाही.

खरी बगळा छाप ओळखायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी चेन. चेनवर जो तुकडा सरकतो त्याला धंद्यात रनर म्हणतात, आणि रनरला लोंबणारी, बोटांत धरायची पट्टी असते तिच्यावर बगळा असायचा. खऱ्या पट्टीवर तो दोन्ही बाजूंनी उठावदार असे, कारण ती पट्टी साच्यात ओतलेली. नकली पट्टी पातळ पत्र्याची, एका बाजूनं ठसा मारलेली, त्यामुळे मागून बगळ्याच्या जागी बगळ्याच्या आकाराचा खड्डा. मग लोहचुंबक. जुन्या लाउडस्पीकरमधला एक त्यांच्या खिशात असायचा. खऱ्या चेनचे दात पितळी, त्यांना तो चिकटत नाही. लोखंडाच्या दातांवर पिवळा मुलामा असला तर टक्कन चिकटतो. मग चेनची दोन टोकं, तिथं आडवे टाके भरलेले आहेत का. मग टाके मोजायचे, एका इंचात किती, आणि मोजताना त्यांची कन्नड बाहेर यायची. ओंदु, येरडू, मूरु, नाल्कु. खऱ्या बॅगेत आठ भरायचे. शेवटी अस्तर. खऱ्या बॅगेचं लेबल अस्तर शिवायच्या आधीच त्याला जोडलेलं असतं आणि लेबलाची टोकं आत दुमडलेली असतात. नकलीत बॅग तयार झाल्यावर वरून डिंक लावून चिकटवतात आणि नावाला दोन टाके घालतात. नखानं कड उचलली की लेबल आपणहून वर येतं. लेबलावर काय लिहिलंय ते मात्र ते बघत नसत.

मी बघितलं होतं. एजन्सी मिळाली त्याच वर्षी बघितलं होतं, आणि तेव्हापासून मला त्या लेबलाचा त्रास होत होता. बगळ्याखाली इंग्रजीत एक ओळ होती, दोन वर्षांची गॅरंटी, अशा अर्थाची. गॅरंटी या शब्दात जी नंतर आधी यू यायला हवा आणि मग ए. कंपनीनं आधी ए घातला होता आणि मग यू. वर्षे या शब्दाला शेवटी एस हवा, तो नव्हताच. मी सातवीला इंग्रजी शिकवत होते. जी चूक केली म्हणून मी मुलांना पाच-पाच वेळा लिहायला लावत होते, ती चूक रेशमी धाग्यात विणून आमच्या दुकानात रांगेनं मांडलेली होती. पण मी त्यांना कधी बोलले नाही. ज्या लेबलावरून ते इतक्या प्रेमानं अंगठा फिरवतात, त्यात चूक आहे हे कसं सांगायचं?

माझी शाळा पूर्व भागात होती. वर्गात बहुतेक मुलं विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी. त्या वर्षी मार्च महिन्यात एका मुलीचे वडील शाळा सुटताना भेटायला आले. चादरींच्या मागाशेजारी त्यांचा एक छोटा माग होता, त्यावर ते नाड्या, किनारी आणि कपड्याची लेबलं विणायचे. काम सुबक होतं. त्यांनी पिशवीतून चौकटीचा कागद काढला. विणायची नक्षी आधी अशा कागदावर उतरवतात. एक चौकोन म्हणजे एक धागा. जे चौकोन लाल रंगवले ते धागे वर उचलायचे, आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. पत्ते मागावर चढवले की माग कागदावर आहे तसंच विणतो, एक धागा इकडचा तिकडे करत नाही.

"बाई, जरा बगता का," ते म्हणाले. "मला इंग्रजी येत नाही. आर्डर मोठा हाय. चुकला तर सगळा माल वाया."

कागदावर एका पायावर बगळा उभा होता. खाली तीच ओळ, त्याच चुका. मला अभिमानच वाटला. म्हणजे मुंबईच्या कंपनीची लेबलं आपल्या पूर्व भागात विणतात, आणि विणणारा माझ्या विद्यार्थिनीचा बाप. सहा वर्षं अडलेलं काम समोर चालत आलं होतं. मी लाल पेन काढलं. चौकोन मोजून ए आणि यू यांची जागा बदलली, एस घातला, ओळीच्या शेवटी पूर्णविराम दिला. ते शेजारी उभे राहून वर्गातल्या मुलासारखे बघत होते. सगळं एकदा पुन्हा तपासलं आणि हाताच्या सवयीनं शेवटी बरोबरची खूण केली. त्यांनी दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि कागद घडी न करता नेला.

घरी सांगायचं मी टाळलं. सुधारलेलं लेबल आलं की आपोआप कळेल, आणि मी लक्षात आणून दिलं नाही तर त्यांना कळणारही नाही, असा हिशेब होता.

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि तंटे सुरू झाले. पंढरपुराहून, करमाळ्याहून, बाजारच्या गावांहून माणसं बगळ्याची दप्तरं घेऊन यायला लागली. पंधरा दिवसांत पट्टा तुटलेला, महिन्यात चेनचे दात वाकडे. दप्तर समोर आलं की हे आधी रनरची पट्टी उलटी करायचे, मागचा खड्डा बघायचे आणि परत द्यायचे.

"ही आमची न्हाय."

"लेबल बघा की मालक. बगळा हाय, गॅरंटी लिवलीया."

"लेबलाचं काय घेऊन बसला? मी शर्टाला कलेक्टर म्हणून लेबल लावलं तर कलेक्टर हुतो का?"

समोरचा घड्याळवाला त्याच्या टपरीतून म्हणायचा, "लावून तर बघा, बायको तरी सलाम करंल." तो हसायचा, हे हसायचे. दप्तरवाला हसत नसे. घरी जाऊन तो कंपनीला पोस्टकार्ड टाकायचा, की तुमचा सोलापूरचा एजंट गॅरंटी पाळत नाही. अशी बरीच कार्डं मुंबईला पोचली असणार. आम्हाला पत्ता नव्हता.

श्रावणातल्या एका शनिवारी माझी सकाळची शाळा होती. चाचणीच्या वह्या कापडी पिशवीत भरून मी दुपारी दुकानात गेले. बॅगेच्या दुकानदाराची बायको कापडी पिशवी वापरते, यावर लोक बोलत. पण दुकानातली जी बॅग मी घ्यायला जाई तिच्यात त्यांना काहीतरी उणं दिसायचं, आणि पिशवीत काही उणं नसतं, कारण पिशवीत काहीच नसतं.

दुकानात टाय लावलेले एक गृहस्थ होते. कंपनीचे साहेब, मुंबईहून आलेले, वय तिशीच्या आतलं. घामानं टाय ओला झाला होता पण सैल केला नव्हता. काउंटरवर त्यांनी तीन बॅगा उघडून, अस्तरं बाहेर ओढून ठेवल्या होत्या. एक त्यांची स्वतःची सुटकेस. एक पंढरपूरच्या कुणा तक्रारदाराचं फाटकं दप्तर, ते त्यांनी येताना सोबत आणलं होतं. आणि एक आमच्या फळीवरची कोरी बॅग. हे काउंटरच्या आत उभे होते. दुकानात कुणीही आलं तरी ते स्टुलावर बसूनच बोलायचे. त्या दिवशी उभे होते, म्हणून मी दाराशीच थांबले.

साहेबांचं म्हणणं सोपं होतं आणि शांतपणे ते सांगत होते. माझ्या बॅगेचं लेबल बघा, शुद्ध इंग्रजी. तक्रार आलेल्या दप्तराचं लेबल बघा, अगदी तेच. आता तुमच्या फळीवरचं बघा. गॅरंटीचं स्पेलिंग चुकलेलं. आमच्या कंपनीत शिकलेली माणसं आहेत, असं इंग्रजी तिथून बाहेर पडणं शक्य नाही. म्हणजे अर्थ उघड आहे. तुम्ही खरा माल खोटा म्हणून परत पाठवता, आणि फळीवर खोटा माल ठेवता.

"साहेब," हे म्हणाले, "चेन एकदा वढून बगा. दोन्हीची. कानाजवळ धरून."

"चेनचं काय? कंपनी चेन दरवर्षी वेगवेगळ्या ठिकाणी घेते. रनर बदलतात, पट्ट्या बदलतात. लेबल बदलत नाही."

यांनी लोहचुंबक काढला आणि तक्रारीच्या दप्तराच्या चेनला लावला. टक् असा आवाज झाला. आमच्या बॅगेला लावला, आवाज नाही. साहेब म्हणाले की लोहचुंबकाबद्दल कंपनीच्या नियमांत काही लिहिलेलं नाही. आपलं प्रमाण लेबल. आणि त्यांनी आपल्या सुटकेसच्या लेबलावर बोट ठेवलं. "शिवाय ही बघा तपासणीची खूण. बॅग तपासून झाली की हेड ऑफिसला ही खूण येते. तुमच्या मालावर कुठं आहे?"

आमच्या मालावर ती खूण नव्हती. यांचा हात लोहचुंबकासकट साहेबांच्या सुटकेसकडे निघाला आणि मध्येच थांबला.

"नवी दिसतीया. कुटं घेतली साहेबांनी?"

"सासऱ्यांनी दिली. लग्नात. करमाळ्याचे आहेत ते." साहेबांचा आवाज जरा मऊ झाला. "बगळा छापच पाहिजे म्हणून हौसेनं आणली त्यांनी."

यांनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत कुर्डुवाडीचा अख्खा फलाट होता. मग त्यांनी लोहचुंबक खिशात टाकला.

साहेबांनी कागद काढला आणि लिहायला घेतलं. एजन्सी आजपासून बंद, पाटी उतरवून ताब्यात द्यावी, फळीवरचा माल नकली असल्याचं मान्य म्हणून एजंटाची सही. रस्ता ओलांडून घड्याळवाला दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता, डोळ्याला लावलेलं भिंग काढायचं विसरून.

"पाटी न्या," हे म्हणाले. "पण माल नकली म्हणून लिहू नका. त्याच्यावर मी सही करणार न्हाय. सहा वर्षं माझा हात फिरलाय त्याच्यावर. हाताला एवढंबी कळत नसंल तर मग मला काय कळतंय?"

साहेब म्हणाले, हात हा पुरावा होत नाही.

काहीतरी करायला हवं म्हणून मी काउंटरशी गेले आणि साहेबांच्या सुटकेसमध्ये वाकून ते लेबल वाचलं. जी नंतर यू, मग ए. शेवटी एस. पूर्णविराम. आणि पूर्णविरामानंतर ती तपासणीची खूण. मला प्रत्येक शिक्षकाची बरोबरची खूण ओळखता येते. मुख्याध्यापकांची सरळ काठीसारखी असायची, गणिताच्या बाईंची आखूड. माझ्या खुणेचं वरचं टोक मागं वळतं, छत्रीच्या मुठीसारखं. का वळतं ते मला माहीत नाही. त्या लेबलावर, बोटाच्या पेरापेक्षा कमी जागेत, निळ्या धाग्यानं विणलेली छत्रीची मूठ होती.

चौकटीच्या कागदावर लाल ते सगळं विणायचं असतं. माझं पेन लाल होतं.

"ही खूण हेड ऑफिसची नाही," मी म्हणाले. "माझी आहे."

साहेबांनी आधी माझ्याकडे आणि मग यांच्याकडे बघितलं. बाई घरच्या आहेत असं यांनी सांगितलं. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, ही मशीनवर विणलेली आहे."

मी पिशवीतून वह्या काढून काउंटरवर ठेवल्या. मार्च महिन्यात काय झालं ते सांगितलं, कागद, लाल चौकोन, पत्ते, सगळं. ऐकताना हे स्टुलावर बसले. साहेबांनी पहिली वही उघडली, दुसरी उघडली. घड्याळवाल्यानं न विचारता आपलं भिंग काढून पुढं केलं. साहेब एक डोळा मिटून कधी लेबल, कधी वही असं बघत राहिले. तिसऱ्या वहीवर थांबले.

"हे उत्तर चुकलंय," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर दिलंय."

उत्तर चुकलं होतं. मी मान खाली घातली. पण खूण तीच होती.

मग साहेबांना ते कळलं जे त्या क्षणापर्यंत फक्त आम्हा दोघांना कळलेलं होतं. त्यांनी आपल्या सुटकेसकडे असं बघितलं, जणू ती आत्ताच कुणीतरी तिथं आणून ठेवली आहे. यांनी विचारलं, "परवानगी हाय का?" साहेबांनी मान हलवली.

लोहचुंबक लावला. टक्. पट्टी उलटी केली. खड्डा. नखानं लेबलाची कड उचलली, लेबल डिंकाचा पापुद्रा घेऊन वर आलं. बाजूच्या शिवणीवर बोट ठेवलं. ओंदु, येरडू, मूरु, नाल्कु. इंच संपला. आमच्या कोऱ्या बॅगेवर मोजले तेव्हा आकडे आठपर्यंत गेले, आणि साहेब तोंडातल्या तोंडात त्यांच्याबरोबर मोजत होते. शेवटी तळाचं अस्तर बाजूला केलं. कोऱ्या बॅगेच्या तळाला प्लायवूड होतं. साहेबांच्या बॅगेला पुठ्ठा, कुठल्यातरी खोक्याचा कापलेला. त्यावर बाण होता आणि खाली छापलं होतं, ही बाजू वर ठेवावी. बाण खाली होता.

घड्याळवाला हसू आवरायला रस्त्यापलीकडे निघून गेला.

साहेबांनी टाय सैल केला. कागद फाडला. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सासऱ्यांना कळता कामा नये."

"त्येंचा काय दोष?" हे म्हणाले. "त्येंनी लेबल बगून घेतली. तुमी तरी येगळं काय केलंत?"

एवढं बोलून ते लगेच वरमले आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत सुटकेसची चेन उसवायला घेतली होती. संध्याकाळच्या गाडीच्या आत त्यांनी पितळी चेन बसवली, तळाला प्लायवूड घातलं, मुठीच्या रिबिटांखाली वायसर दिले. बाहेरून ती सासऱ्यांचीच सुटकेस राहिली. साहेब म्हणाले, लेबलही खरं लावा. यांनी ऐकलं नाही. सासऱ्यानं लेबल दिलंय ते ऱ्हाऊ दे, म्हणाले.

सोमवारी मी त्या विणकरांच्या घरी गेले. त्यांना धक्का बसला. ऑर्डर देणारा माणूस बाहेरगावचा, माल घेऊन गेला तो पुन्हा आलाच नव्हता. त्यांनी माझ्यासमोर पत्त्यांची माळ मागावरून उतरवली आणि दोरा कापला. जाताना दारापर्यंत आले.

"बाई, ते शेवटचा खूण," ते म्हणाले. "मला वाटला, इंग्रजीत शेवटाला असंच असतंय."

मी त्यांना नमस्कार केला आणि निघाले.

घरी मात्र जे ऐकून घ्यायचं ते मी घेतलं. नकली माल करणाऱ्याला फुकट तपासनीस मिळाला, असं हे म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या कंपनीला कुणी मिळालाच नव्हता, त्याचं काय? मग लेबलातली चूक मी त्यांना दाखवली. सहा वर्षं लपवली होती ती. त्यांनी लेबल उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "टाके तर बराबर हायत." त्या चुकीनं त्यांना काहीही वाईट वाटलं नाही. मी सहा वर्षं उगाच जपलं.

एजन्सी राहिली. पाटी राहिली. साहेबांनी हेड ऑफिसला सगळं कळवलं आणि स्पेलिंग सुधारावं अशी शिफारस केली. पुढच्या वर्षी मे महिन्यात नवा माल आला. यांनी गठ्ठा फोडला, पहिली बॅग उघडली आणि शाळेत निरोप पाठवला की लगेच या. सुट्टीतली शिकवणी सोडून मी धावत गेले.

स्पेलिंग बरोबर होतं. एस होता. पूर्णविराम होता. त्यानंतर छत्रीच्या मुठीसारखी बरोबरची खूण होती. साहेबांनी शुद्ध इंग्रजीचा नमुना म्हणून आपल्या सुटकेसचं लेबल मुंबईला पाठवलं असणार, आणि तिथल्या शिकलेल्या माणसांनी ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

आता खरं कुठलं आणि खोटं कुठलं, लेबलावरून सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. यांना फार आनंद झाला. चेन ओढून बघितली, पट्टी उलटी केली, लोहचुंबक लावला. आवाज आला नाही. "बगा बाई," ते म्हणाले, "तुमचं लेबल झालं सगळ्यांचं. चेन अजून माझीच हाय."

त्या मालातली एक सुटकेस त्यांनी घरी ठेवली. मी कापडी पिशवी सोडून वापरलेली आमच्या दुकानातली ती पहिली बॅग. कंपनी पुढं बंद पडली, दुकान आम्ही दुसऱ्याला दिलं, साहेबांची दोन-तीन दिवाळीची कार्डं आली आणि मग ती थांबली. बॅग टिकली. दवाखान्यात जायचं ठरलं तेव्हा मी तीच खाली काढली. ते पलंगावर बसले होते. त्यांनी रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, परत आणला, कान लावून. म्हणाले, "चालतंय." मग मला कपडे भरू दिले.

काल मी ती उघडली. दोन सदरे, पंचा, चष्मा, आणि अस्तराच्या खिशात लोहचुंबक. दवाखान्यात त्याचं काय काम होतं ते मला कळलं नाही. सदरे तसेच ठेवले. चष्मा बाहेर काढला.

बॅग कपाटावर आहे. लेबल शिवणीत घट्ट आहे. चेन चालते.